‘वेन्ट’ आणि ‘गॉन’ची गल्लत

मैत्रिणींनो, दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरे ऊसतोडीला निघतात आणि मुले आजीपाशी राहतात. मग शाळेत ‘माझे कुटुंब’ असा निबंध आला, की वहीत वाक्य उतरते : ‘माय मदर हॅज वेन्ट टू कोल्हापूर.’ मजकूर अगदी खरा. फक्त ‘वेन्ट’ तिथे चालत नाही, ‘गॉन’ हवे. असेच दुसरे, ‘शी हॅज रोट अ लेटर.’ तिथे ‘रिटन’ हवे.

मुलांना रागावण्याआधी जरा आपल्या मराठीकडे पाहा बरे. ‘आई कोल्हापूरला गेली’ आणि ‘आई कोल्हापूरला गेली आहे.’ दोन्हीकडे ‘गेली’ तेच, पुढे नुसते ‘आहे’ जोडले. मूल इंग्रजीतही हेच करते. ‘वेन्ट’ ठाऊक असते, त्याला ‘हॅज’ जोडून मोकळे होते! त्यातून इंग्रजीतली बरीच क्रियापदे या चुकीला पाठीशी घालतात. ‘वॉक्ड’चे ‘हॅज वॉक्ड’ होते, ‘बॉट’चे ‘हॅज बॉट’. तिथे दुसरे आणि तिसरे रूप एकच असल्याने चूक झाकून जाते. ती उघडी पडते ती गो, राइट, सी, ईट, टेक, ब्रेक अशा क्रियापदांशी, कारण यांचे तिसरे रूप वेगळे असते. हॅव, हॅज किंवा हॅड यांच्या मागोमाग हेच तिसरे रूप यावे लागते.

आता ताडून कसे पाहायचे? घरात इंग्रजीचा शब्दकोश असेल तर काढा. ‘रोट’ शोधत बसू नका, आधी मूळ क्रियापद गाठा, म्हणजे ‘राइट’. त्या शब्दाशेजारीच रूपे दिलेली असतात : आधी ‘रोट’, मग ‘रिटन’. पहिले नुसत्या भूतकाळाचे, दुसरे हॅव-हॅजबरोबरचे. एकच रूप दिले असेल, तर ते दोन्हीकडे चालते. काहीच दिले नसेल, तर सहसा शेवटी ‘ईडी’ लावून काम भागते. पुष्कळ कोशांच्या शेवटी अशा आडमुठ्या क्रियापदांचा तीन रकान्यांचा तक्ता असतो. तिथे बोट तिसऱ्या रकान्यावर ठेवायचे. फोनवर पाहणार असाल तरी कोशाचेच पान उघडा. ‘हॅव वेन्ट’ असे नुसते शोधले, तर ते लिहिणारे पुष्कळ सापडतील. अहो, अमेरिकेत आणि स्कॉटलंडातही बोलीत तसे म्हणणारे लोक आहेत! पण शाळेच्या, परीक्षेच्या इंग्रजीत ते चूकच धरतात.

एका रूपाने मात्र शिकवणाऱ्याही फसतात. ते म्हणजे ‘कम’. भूतकाळ ‘केम’, पण तिसरे रूप पुन्हा ‘कम’च. मुलीने ‘माय फादर हॅज कम होम’ असे बरोबर लिहिलेले असते आणि लाल शाईने त्याचे ‘हॅज केम’ केले जाते. ‘रन’चेही तसेच : रन, रॅन, पुन्हा रन. म्हणून मूल रूपासारखे दिसणारे रूप खोडण्यापूर्वी एकदा तक्ता पाहावाच.

पण कोश फक्त रूप सांगतो. ते वाक्यात शोभते की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते. समजा वहीत आहे, ‘माय मदर हॅज वेन्ट टू कोल्हापूर यस्टर्डे.’ आपण झटकन ‘गॉन’ केले, तरी वाक्य चुकलेलेच राहील. काल, गेल्या आठवड्यात, दिवाळीत असा सरून गेलेला वेळ सांगितला, की इंग्रजीला ‘हॅज’ खपत नाही. इथे ‘वेन्ट’ला हात लावू नका, ‘हॅज’ खोडा. ‘माय मदर वेन्ट टू कोल्हापूर यस्टर्डे’, झाले वाक्य शुद्ध. म्हणून आधी विचारायचे, वाक्यात वेळ सांगितली आहे का? असेल तर हॅज जाईल, नसेल तर वेन्टचे गॉन होईल.

शिवाय ‘हॅज गॉन’ म्हणजे आई गेली आहे आणि अजून तिकडेच आहे. उन्हाळ्यात फड संपून ती घरी परतली, की त्याच मुलीला लिहावे लागेल, ‘माय मदर हॅज बीन टू कोल्हापूर.’ म्हणजे जाऊन आली. तेव्हा वही तपासताना मुलीला मराठीत एवढेच विचारा, ‘आई अजून तिकडेच आहे, की आली गं?’