147 नाही, 148! पुणे कराराचा आकडा आणि एका हरकतीचा ईमेल

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या आमच्या एका अभ्यासिकेत गेल्या हंगामात एक मुलगी मोबाईल घेऊन आली. स्पर्धा परीक्षेची पहिली उत्तरतालिका लागली होती आणि हरकत नोंदवण्याची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. "दादा, मी बरोबर लिहिलंय. बाबासाहेबांच्या पुस्तकात मी स्वतः वाचलंय. तरी यांनी चूक धरलंय. हा ईमेल बघा, पाठवू का?"

आम्ही ईमेल वाचला. सुरुवातीलाच 'आपण जाणूनबुजून आमच्या समाजावर अन्याय करीत आहात' असं होतं. पुढे मनुवादी व्यवस्थेवर दोन परिच्छेद होते. प्रश्न कोणता, तिचं उत्तर कोणतं आणि पुरावा काय, हे सगळं शेवटच्या ओळीत एका वाक्यात उरकलं होतं. राग खरा होता, पण हा ईमेल ज्याच्या टेबलावर जाणार होता त्याला तो फेटाळायला अर्धा मिनिटही लागलं नसतं. आम्ही तिला म्हणालो, "पाठवू नकोस. आधी बस आणि बेरीज कर."

प्रश्न असा होता: पुणे करारानुसार प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्य वर्गांसाठी किती जागा राखीव ठेवण्यात आल्या? पर्याय चार होते: 71, 147, 148 आणि 151. तालिकेने 147 बरोबर धरलं होतं. तिने 148 लिहिलं होतं. म्हणजे त्या प्रश्नाचे गुण गेलेच, वर चुकीच्या उत्तरासाठी कापलेले गुणही गेले. जिथे अर्ध्या गुणावर यादीत वर-खाली होतं, तिथे एवढ्यावर वर्ष वाया जाऊ शकतं.

आता बेरीज. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात झालेल्या कराराच्या पहिल्याच कलमात प्रांतवार जागा दिल्या आहेत. मद्रास 30, सिंधसह मुंबई 15, पंजाब 8, बिहार आणि ओरिसा मिळून 18, मध्य प्रांत 20, आसाम 7, बंगाल 30, संयुक्त प्रांत 20. कागदावर मांडून बघा, 148 येतात. करारातही एकूण 148 असंच लिहिलेलं आहे. हा मजकूर बाबासाहेबांनी 1945 च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू दि अनटचेबल्स' या ग्रंथात दिला आहे आणि तो ग्रंथ महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या 9 व्या खंडात आहे.

मग 147 आलं कुठून? स्पर्धा परीक्षेच्या बाजारात चालणाऱ्या काही नावाजलेल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा आकडा छापलेला आहे आणि एकाचं बघून दुसऱ्याने उचलला आहे. आठ प्रांतांची बेरीज करायची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही. आणि 151? तो आकडा खोटा नाही, पण तो कराराचा नाही. 1935 च्या कायद्याने ओरिसा वेगळा प्रांत झाला. एकत्र असताना बिहार-ओरिसाला 18 जागा होत्या, वेगळे झाल्यावर बिहारला 15 आणि ओरिसाला 6, म्हणजे 21 झाल्या. वाढलेल्या या तीन जागांमुळे 148 चे 151 झाले. सिंधही वेगळा झाला, पण मुंबईच्या 15 तशाच राहिल्या आणि सिंधला एकही मिळाली नाही. म्हणून प्रश्नात 'पुणे करारानुसार' असेल तर 148 आणि '1935 च्या कायद्यानुसार' असेल तर 151. हरकत घेण्याआधी प्रश्नातला हा शब्द बोट ठेवून वाचायचा. इथे 'करारानुसार' होतं.

एका जागेच्या फरकावर एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांनी हे लक्षात घ्यावं की 16 ऑगस्ट 1932 च्या निवाड्याने दिलेले स्वतंत्र मतदारसंघ आणि दुहेरी मत गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली आपल्याला सोडावे लागले. त्या बदल्यात हातात पडल्या त्या या जागा. आपल्या इतिहासातला हा हिशेब दुसरा कुणी चुकीचा लिहीत असेल आणि आपल्याच मुलीला बरोबर लिहिल्याची शिक्षा होत असेल, तर तो आकडा दुरुस्त करून घेणं हे आपलंच काम आहे.

पण हे काम कायद्याच्या चौकटीत बसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या प्रकरणात याची कसोटी घालून दिली. उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची ती तालिका होती आणि विद्यार्थी पाठ्यपुस्तकं घेऊन न्यायालयात गेले होते. न्यायालय म्हणालं की तालिका बरोबरच आहे असं आधी धरून चालायचं. ती चूक आहे हे तर्क लढवून चालणार नाही, ते स्पष्ट दाखवून द्यावं लागेल, इतकं की त्या विषयातला कुणीही जाणकार तिला बरोबर म्हणणार नाही. शंका असेल तर कौल तालिकेला. पण चूक शंकेपलीकडे सिद्ध झाली तर विद्यार्थ्याला शिक्षा देणं अन्यायाचं आहे. त्या खटल्यात विद्यार्थी जिंकले. 2017 च्या रणविजय सिंह प्रकरणातही संशयाचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, हेच सांगितलं गेलं. याचा अर्थ सरळ आहे. 'माझंही बरोबर असू शकतं' अशी हरकत पडते. 'तुमचं बरोबर असूच शकत नाही' हे दाखवणारी हरकत टिकते.

आणि दाखवायचं कशाने, याचा धडा 2024 च्या नीटने दिला. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' अशा अर्थाचं विधान होतं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकानुसार ते बरोबर, नव्या आवृत्तीत मात्र 'प्रत्येक'च्या जागी 'बहुतेक' असा बदल झालेला, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. जुन्या पुस्तकाचा आधार घेऊन निवेदनं आली, तेव्हा एनटीएने दोन्ही पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि त्यांनी चौथा पर्याय हाच एकमेव बरोबर असल्याचं सांगितलं. जुन्या पुस्तकाप्रमाणे दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे चार गुण गेले आणि वर एक कापला गेला.

जुनी पुस्तकं कोण वाचतं? ज्याच्या घरात थोरल्या भावाचं पुस्तक धाकट्या बहिणीकडे येतं, तो. मानखुर्द-गोवंडीत हे सांगायला लागत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने तज्ज्ञांचं उत्तर बरोबरच होतं, त्यावर आमचा वाद नाही. पण 'ताजी आवृत्ती वापरा' ही अट कागदावर सगळ्यांना सारखी असली, तरी तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून हरकतीत पुस्तक जोडताना त्याची आवृत्ती आधी तपासा. आणि जिथे मूळ दस्तऐवज मिळतो, तिथे पाठ्यपुस्तकावर थांबू नका. करार, कायदा आणि राज्यघटना यांचा मूळ मजकूर नव्या आवृत्तीने बदलत नाही.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा लिहिलेला ईमेल असा होता:

"विषय: पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत, प्रश्नसंच व प्रश्न क्रमांकासह.

मा. परीक्षा नियंत्रक, वरील प्रश्न 'पुणे करारानुसार' राखीव जागांबाबत आहे. तालिकेत 147 (पर्याय 2) दिले आहे. योग्य उत्तर 148 (पर्याय 3) आहे. कराराच्या कलम 1 मधील प्रांतवार जागा: 30, 15, 8, 18, 20, 7, 30, 20. बेरीज 148. आधार: डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड 9, प्रकाशक महाराष्ट्र शासन. मुखपृष्ठ, आवृत्तीचे पान व कराराचे पान सोबत जोडले आहे. काही पुस्तकांत 147 हा आकडा आढळतो. तो प्रांतवार बेरजेशी जुळत नाही. 151 हा आकडा 1935 च्या कायद्याचा आहे. उत्तर पर्याय 3 असे दुरुस्त करावे, ही विनंती."

एवढंच. यात विशेषण एकही नाही. समोरचा ज्या पुस्तकाचा आधार घेईल त्याला उत्तर आधीच दिलेलं आहे. मागणीही नेमकी आहे. 'प्रश्न रद्द करा' असं लिहिलं असतं, तर ज्यांनी 148 लिहिलं त्यांना त्या प्रश्नाचा फायदा मिळालाच नसता. तिने तोच मजकूर संस्थेच्या ऑनलाइन हरकत-रकान्यातही भरला, कारण अनेक ठिकाणी नुसता ईमेल ग्राह्य धरत नाहीत. पोच जपून ठेवली. पुढे न्यायालयात जायची वेळ आलीच, तर 'मुदतीत हरकत घेतली होती' हे त्या पोचेवरूनच सिद्ध होतं.

सुधारित तालिकेत त्या प्रश्नासमोर 3 आलं. कारण मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. आमचं भांडण इथून पुढे सुरू होतं.

नीटमध्ये एका प्रश्नाला आव्हान द्यायला 200 रुपये लागतात आणि ते परत मिळत नाहीत. एमएचटी-सीईटीत अलीकडच्या वर्षांत एका हरकतीला 1000 रुपये घेतले जातात. फालतू हरकती येऊ नयेत म्हणून शुल्क, हे आम्ही समजू शकतो. पण हरकत खरी ठरली, म्हणजे चूक संस्थेची ठरली, तरी पैसे विद्यार्थ्याचेच का जावेत? घरकाम करणाऱ्या आईची मुलगी पाच चुका दिसल्या तरी एकीवरच हरकत घेते, कारण तिच्याकडे तेवढेच पैसे असतात. उरलेल्या चार चुका तिच्या निकालात तशाच राहतात.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. तालिकेत प्रत्येक उत्तरासमोर त्याचा आधार छापा: पुस्तक, आवृत्ती, पान. हरकत मान्य झाली तर शुल्क परत करा. आणि हरकत मान्य केली किंवा फेटाळली, तरी कारण एका ओळीत जाहीर करा. आज विद्यार्थ्याने पुरावा द्यायचा आणि संस्थेने नुसता आकडा द्यायचा, अशी रीत आहे. आधार दोघांनीही दाखवला पाहिजे.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत गाईडांच्या शेजारी राज्यघटनेची प्रत आणि बाबासाहेबांचे खंड असलेच पाहिजेत, काचेच्या कपाटात हार घालून नव्हे, तर टेबलावर, हाताळून मळलेले. त्या मुलीकडे 9 वा खंड होता म्हणून 148 टिकलं. तालिका लागली की मुदत मोजक्याच दिवसांची असते. तेवढ्या वेळात पुस्तक शोधायला दादरला जायचं, की हात लांब करून उघडायचं, हे आपण आजच ठरवू शकतो.

जय भीम!