घोडा नसला तरी स्वार असतोच

आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, एवढे बादशहा होऊन गेले, मग त्यांचे घोड्यावरचे पुतळे का नाहीत?" मी तोंड उघडायच्या आधीच मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "आपल्यात व्यक्तिपूजा नसते म्हणून." हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकायला गोड आहे, पण पुरेसं खरं नाही.

घोड्यावरचा पुतळा नेमकं काय करतो? उंच चौथरा, त्यावर घोडा, त्यावर लगाम धरलेला स्वार. खाली उभ्या माणसाला मान वर करूनच बघावं लागतं. एवढं बलदंड जनावर ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत आपणही, हे न बोलता कळतं. रोमन सम्राटांची ही रीत इंग्रजांनी मुंबईत आणली. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून १८७९ मध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. पैसे दिले बडे व्यापारी अल्बर्ट ससून यांनी. मुंबईकरांनी मात्र त्या जागेला 'काळा घोडा' म्हटलं. राजपुत्र नावातून कधीच उतरला. १९६५ मध्ये पुतळा राणीच्या बागेत हलवला, तरी नाव राहिलं. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा बसवला, तो स्वाराविनाच.

आता आपल्याकडे वळू. उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांनी सातव्या शतकाच्या शेवटी सोन्याचे दिनार पाडले. त्यांवर चक्क खलिफाची उभी आकृती आहे, हात तलवारीवर. समोर बायझंटाईन सम्राटाचं चित्र असलेलं नाणं बाजारात होतं, त्याला दिलेलं हे उत्तर. पण हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ च्या सुमारास, नाणं पूर्ण बदललं. चित्र गेलं, फक्त अक्षरं राहिली, आणि त्या अक्षरांत खलिफाचं नावसुद्धा नव्हतं. माझ्या मते हा आपल्या इतिहासातला खरोखर मोठा क्षण आहे.

पण तो टिकला का? अब्बासी काळात खलिफांची नावं नाण्यांवर येऊ लागली. पुढे सिक्का आणि खुतबा या दोन गोष्टी राज्य कोणाचं हे सांगणाऱ्या खुणाच झाल्या. नाण्यावर कोणाचं नाव आणि जुम्याच्या खुतब्यात कोणासाठी दुआ, एवढं पाहिलं की मालक कळायचा. १६३६ मध्ये शाहजहानने गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाला वाकवलं, तेव्हा हीच अट घातली: खुतब्यातून इराणच्या शाहाचं नाव काढा, माझं वाचा, नाणीही माझ्या नावाने पाडा. पुतळा एका चौकात उभा असतो. हे नाव मात्र दर शुक्रवारी मशिदीत आणि रोज प्रत्येकाच्या बटव्यात पोचत होतं. सांगा, जास्त जबर काय?

आणि चित्रं नव्हती हेही खरं नाही. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेलं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात काय घडलं? दख्खनचा हा हबशी सेनानी जहांगीरच्या हाती कधी लागलाच नाही. म्हातारा होऊन १६२६ मध्ये तो आपल्या मरणाने मेला. रणांगणात जमलं नाही, ते कागदावर करून घेतलं. बादशहाच्या चित्रात त्याची ताकद दिसते असं आपण समजतो, पण पुष्कळदा त्यात त्याची सल दिसते.

म्हणून दोघांनाही सांगावंसं वाटतं. पुतळा म्हणजेच आदर असं मानणाऱ्यांनी काळ्या घोड्यापाशी थोडं थांबावं. ब्राँझ टिकलं, दरारा टिकला नाही. आणि "आमच्यात पुतळे नाहीत, म्हणून आम्ही सत्तेपुढे झुकत नाही" असं म्हणणाऱ्या माझ्या भावांनी खुतब्यातली ती नावं आठवावीत. सत्तेला दगडच लागतो असं नाही. अक्षरं चालतात, सुंदर खत चालतो, मिंबरही चालतो.

त्या मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं: पुतळा दिसो, चित्र दिसो की नाव ऐकू येवो, तीन गोष्टी विचार. पैसे कोणी दिले? मान कोणाला वर करावी लागते? आणि ते काढून टाकायची मुभा कोणाला आहे? तो म्हणाला, "सर, मग वर्गातल्या भिंतीवरच्या फोटोंचं काय?" तास संपल्याची घंटा झाली. पण प्रश्न बरोबर होता.