शब्दांच्या हुंड्या आणि शुद्धीचे पहारेकरी

‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण गुजरातेत ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. मराठीत ती ‘जेवण सुरतेचे, मरण काशीचे’ अशी सहज उतरते. ही म्हण ऐकून आजवर कोणी घारी-उंधियो खाऊन तडक काशीची वाट धरल्याचे ऐकिवात नाही. ज्याची त्याची उत्तम जागा कोणती, एवढेच तिचे सांगणे आहे, आणि ते ऐकणाऱ्याला न समजावता कळते. म्हणीच्या बाबतीत ज्यांना हे मान्य असते तेच विद्वान वाक्प्रचारापाशी आले की अडून का बसतात, हा आमचा प्रश्न आहे.

सुरतेतील मराठी मंडळींत एक मत बळावत चालले आहे. त्याची कलमे दोन. पहिले असे की, वाक्प्रचाराचा खरा अर्थ त्याच्या शब्दांतूनच निघाला पाहिजे. जो तसा निघत नाही तो भ्रष्ट. दुसरे असे की, जो वाक्प्रचार गुजरातीसारखा दिसतो तो गुजरातीतून शिरलेला आहे, म्हणून तो मुलांच्या वहीतून खोडला पाहिजे. ही दोन्ही कलमे चुकीची आहेत. त्यांच्यामुळे मराठीचे रक्षण तर होत नाहीच. उलट पोर तोंड उघडताच त्याला टोकले जाते आणि अखेर ते घरातही गुजराती किंवा हिंदी बोलू लागते.

पहिल्या कलमाचा निकाल आपल्या शास्त्रकारांनी कधीच लावून ठेवला आहे. ‘कुशल’ या शब्दाची फोड करू गेल्यास दर्भ तोडून आणणारा असा अर्थ निघतो. दर्भाचे पाते धारदार. हात न कापता ते आणायला सराव लागतो. त्यावरून निपुण असा अर्थ रूढ झाला. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हे रूढीने आलेल्या लक्षणेचे उदाहरण म्हणून दिले. पुढे चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने त्यावरही आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की, व्युत्पत्ती काहीही असो, ‘निपुण’ हाच कुशल शब्दाचा मुख्य अर्थ होय. तेथे लक्षणा कशाला हवी? वाद बारीक आहे, पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे. ‘कुशल वैद्य’ म्हटल्यावर कोणी वैद्याच्या हातात दर्भाची जुडी शोधत नाही. फोडीपेक्षा रूढी बलवत्तर, हे तत्त्व मीमांसेच्या काळापासून चालत आलेले आहे. मराठीने या प्रकाराला ‘वाक्संप्रदाय’ असे नाव दिले तेही उगाच नव्हे. संप्रदाय म्हणजे पिढ्यांनी मान्य केलेली चाल.

आता ही चाल पडते कशी, ते पाहू. आपण सर्वजण तर्पण जाणतो. दक्षिणेकडे तोंड करून, तीळ मिसळलेले पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचे आणि पितरांना तृप्त करायचे. या कृतीत विसरणे नाही, आठवण आहे. नाते तुटत नाही, ते मृत्यूपलीकडेही सांभाळले जाते. पण ‘त्याने व्यसनाला तिलांजली दिली’ या वाक्यात तिलांजलीचा अर्थ कायमचा त्याग असा होतो. शब्द श्रद्धेचे आणि अर्थ संबंध तोडण्याचा! हा विपर्यास नव्हे. तिलांजली गेलेल्यालाच दिली जाते. तेव्हा जे अजून जिवंत आहे त्याला ती देणे म्हणजे ते मेले असे धरणे. ही मधली पायरी बोलणाऱ्यांनी पूर्वी कधीतरी ओलांडली आणि नंतर ती शिडीच काढून घेतली. आज पायरी कोणाला आठवत नाही, अर्थ मात्र सर्वांना कळतो. शब्दांपासून अर्थ दुरावतो तो अशा गाळलेल्या पायरीमुळे. आणि एकदा अर्थ ठरला की शब्दांना हात लावता येत नाही. ‘व्यसनाला तीळपाणी दिले’ असे म्हणून पाहा. तीच वस्तू, तीच कृती, पण वाक्प्रचार संपला.

याहून सोपा दाखला ‘लाखाचे बारा हजार’ हा आहे. गुजरातीत तो ‘लाखना बार हजार’ असा आहे. लाखातून बारा हजार उरले म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार बुडाले. मग ‘लाखाचे अकरा हजार’ म्हटल्यास नुकसान अधिकच मोठे व्हायला हवे. पण ते ऐकून समोरचा मनुष्य विचारील, ‘कोणत्या व्यवहारात?’ बाराचा आकडा येथे हिशेबातला नाही, रूढीतला आहे. शब्दार्थवाद्यांनी या एका आकड्याचे उत्तर द्यावे.

दुसरे कलम प्रवासाविषयी आहे. यासाठी सुरतेच्या पेढ्यांवरून एकेकाळी घडोघडी फिरणारी हुंडी आठवावी. सुरतेहून पुण्याला रक्कम पोचवायची तर नाणी बैलांवर लादून नेत नसत. एक कागद जाई. त्या कागदाला स्वतःची किंमत काहीच नसे. पुण्याच्या ज्या पेढीवर तो लिहिलेला असे तिने तो सकारला तर रुपये मिळत, नकारला तर कागद परत. वाक्प्रचाराचा प्रवास नेमका असा आहे. शब्द हा कागद. पलीकडच्या भाषेत त्याला ओळखणारी पेढी असेल तरच तो वटतो.

मराठीतील ‘दिवाळे’ आणि गुजरातीतील ‘देवाळुं’ ही जोडी घ्या. रॉबर्ट ड्रमंड याने गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांच्या व्याकरणावर 1808 साली मुंबईत एक पुस्तक छापले. त्यात एक चाल नोंदवलेली आहे. व्यापारी बुडाला, किंवा बुडणार असे दिसले, की तो आपल्या घरी अथवा दुकानात मोठा दिवा पेटता ठेवी आणि हिशेब पुढे येऊन देणेकऱ्यांचे समाधान होईपर्यंत तेथून निघून जाई. या दिव्यावरूनच ‘दिवाळे’ शब्द आला, असे सांगतात. ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. पण ती खरी असो वा नसो, आजच्या वापरात दिवा कोठेच उरलेला नाही, हे क्रियापदांवरून दिसते. मराठीत दिवाळे ‘निघते’ आणि ‘वाजते’ही, दिवा कधी वाजेल काय? गुजरातीत देवाळुं ‘काढतात’ आणि ‘फुंकतात’. हिंदीत दिवाला ‘निकलता’ आणि ‘पिटता’ आहे. नाम तिन्ही घरी एक, क्रियापदे बरीचशी ज्याची त्याची. पुढे याच नामाला प्रत्येक घरी नवा संसार मिळाला: आपल्याकडे अकलेचे दिवाळे निघते, तिकडे बुद्धीचे देवाळुं निघते. वाक्प्रचार त्या भाषेत नांदू लागल्याच्या या खुणा आहेत. त्याने तेथील रूप घेतले, तेथील क्रियापद घेतले, आणि जो पलीकडची भाषा जाणत नाही तोही तो बिनदिक्कत वापरतो. अशा शब्दाला परका ठरवणारे पहारेकरी कोणत्या दाखल्याच्या आधारे उभे आहेत?

आता सुरतेतील एखाद्या मुलाने निबंधात ‘त्या दुकानाने दिवाळे फुंकले’ असे लिहिले असे समजा. पुण्याचा वाचक येथे थबकेल, कारण ‘फुंकणे’ ही हुंडी पुण्याच्या पेढीवर चालत नाही. येथे दुरुस्ती करावीच. पण ‘हे भ्रष्ट आहे’ असे म्हणून नव्हे. ‘मराठीत दिवाळे निघते किंवा वाजते’ असे सांगितले की काम झाले.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. गुजरातीत ‘एना नामनुं नाही नाख्युं’ असे म्हणतात. मराठी कानाला त्यातले ‘नाही’ नकारार्थी वाटते. पण तेथे त्याचा अर्थ ‘न्हाऊन’ असा आहे. आपण म्हणतो, ‘त्याच्या नावाने अंघोळ केली.’ दोहोंमागे एकच विधी आहे: मृत्यूची वार्ता येताच करायचे स्नान. तेव्हा हेच मूल ‘त्याच्या नावाने नाहून टाकले’ असे लिहील, तर पुण्याचा वाचक शब्द चुकीचा म्हणेल, पण अर्थ ओळखील. विधी जिवंत आहे म्हणून क्रियापद बदलले तरी अर्थ पोचतो. दिव्याची चाल मेली म्हणून ‘फुंकणे’ वाटेत अडते. पोचणे आणि सकारले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे शिक्षकाने ध्यानात ठेवले तर निम्मे तंटे मिटतील.

यावर कोणी म्हणेल, ‘तरी मूळचे कोणाचे हे ठरवायलाच हवे.’ सारखेपणावरून ते ठरत नाही. तिलांजली आणि मृत्यूचे स्नान हे दोन्ही भाषांच्या घरांत एकाच धर्मविधीतून आलेले आहेत. एका शेजाऱ्याने दुसऱ्याचे उचलले असे त्यावरून म्हणता येत नाही. कोंकणी पाहा. मराठीत ‘उदक’ हा शब्द संकल्पापुरता उरला, म्हणून ‘हक्कावर उदक सोडले’ म्हणताच दानाचा ताम्हण डोळ्यांपुढे येतो. कोंकणीत उदक म्हणजे विहिरीचे, घागरीचे, रोजचे पाणी. तेथे ‘उदक सोडलें’ या वाक्याचा अर्थ प्रसंगावरूनच लावावा लागतो. शब्द एकच, विधी एकच, तरी दोन घरांत त्याचे वजन निराळे. मग कोणती भाषा धनको आणि कोणती ऋणको?

सुरतेत मराठी माध्यमाच्या महापालिका शाळा आहेत, खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. तेथील मुलांच्या वहीत लाल शाई चालवणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: प्रत्येक वाक्प्रचारापाशी दोन प्रश्न विचारा. मराठीत याचे ठरलेले रूप आहे काय? असेल तर ते दाखवा. नसेल, तर गुजराती न जाणणाऱ्या मराठी माणसाला हा कळतो काय? कळत असेल तर तो राहू द्या. न कळल्यास हा येथेच वटतो, पुण्यास वटणार नाही, असे मुलाला सांगा. सराफ हुंडी परत करतो तेव्हा ती आणणाऱ्याला चोर म्हणत नाही.