हिरवा दिवा आणि अर्धपोटी बॅटरी

सौर संच बसवलेल्या घरांतून, शाळांतून, देवळांतून एक तक्रार वारंवार कानावर येते. दुपारी चार्ज कंट्रोलरवर हिरवा दिवा लागतो, पडद्यावर बॅटरी काठोकाठ भरल्याचे चित्र दिसते आणि रात्री नऊच्या सुमारास इन्व्हर्टर शिटी वाजवून बंद पडतो. बॅटरी खराब निघाली असे ठरवून नवी आणली जाते. काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते. दुसरी बॅटरीही खराब निघाली असे म्हणण्याआधी निदान एक तास मल्टिमीटर घेऊन बसावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. हा आग्रह का, ते एका उदाहरणावरून सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतले वाचनालय. छपरावर 330 वॉटची दोन पॅनेल समांतर जोडलेली, खाली 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्टचा संच, आणि मध्ये साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. संध्याकाळचे दिवे, पंखे आणि एक संगणक मिळून रोज सुमारे 50 अँपिअर-तास खर्च होतात. चांगल्या उन्हात दोन्ही पॅनेल मिळून 17 अँपिअर देतात. पाच तास तसे ऊन मिळाले तर 85 अँपिअर-तास होतात. चार्जिंगमधली तूट धरूनही हिशेब सहज जुळतो. तरीही पहिला संच दोन वर्षांत गेला आणि दुसरा पहिल्याच डिसेंबरात दमला.

हिशेब जुळूनही बॅटरी का भरत नाही, याचे उत्तर शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या स्वभावात आहे. पोत्यात धान्य ओतताना पहिल्या पायल्या भराभर जातात. शेवटच्या मात्र पोते हलवून, ठोकून, दाणा बसवत भराव्या लागतात. या बॅटरीचेही तसेच आहे. साधारण 80 टक्क्यांपर्यंत ती मिळेल तेवढा प्रवाह घेते. पुढचा भाग भरायला तिच्या टर्मिनलवर ठरावीक दाब, म्हणजे 24 व्होल्टच्या संचाला सुमारे 28.8 व्होल्ट, सलग दोन-चार तास टिकवावा लागतो. त्या काळात प्रवाह हळूहळू उतरत जातो. या टप्प्याला ॲब्सॉर्प्शन म्हणतात. तो संपला की कंट्रोलर दाब 27.6 च्या आसपास आणतो, तो फ्लोट. हिरवा दिवा लागतो तो तेव्हा. म्हणजे शेवटच्या पंचमांशाला अँपिअर फारसे लागत नाहीत, वेळ लागतो. वायर, सेटिंग आणि सावली या तिघांनी वाचनालयात नेमका हा वेळच खाल्ला होता.

गावातल्या आयटीआयमधून निवृत्त झालेले एक शिक्षक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मीटर घेऊन आले. ग्रंथपालबाई त्यांना म्हणाल्या, “सर, या बॅटऱ्या तशा चांगल्या आहेत हो. वर्षभरात पाणीसुद्धा घालावं लागलं नाही.” सरांनी तिथेच मान हलवली. पाण्याची बॅटरी पूर्ण भरत आली की तिच्यात बुडबुडे येतात आणि पाणी थोडे थोडे उडते. वर्षभर पातळी तसूभरही उतरली नाही, याचा अर्थ ती वर्षभरात एकदाही नीट भरली नव्हती. शिवाय बुडबुडे नसले की आत आम्ल ढवळले जात नाही. जड आम्ल तळाशी बसते आणि वर पातळ राहते. सकाळी ऊन येण्याआधी हायड्रोमीटरने सगळ्या बारा सेलची ग्रॅव्हिटी पाहिली. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती 1.240 च्या आसपास असते. इथे ती 1.190 होती, दोन-तीन सेलमध्ये त्याहूनही कमी.

मग भर उन्हात, प्रवाह 17 अँपिअर असताना, एकाच वेळी दोन ठिकाणी दाब मोजला. कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर 28.4 व्होल्ट आणि प्रत्यक्ष बॅटरीच्या खांबांवर 27.0. मधले 1.4 व्होल्ट वायरीत जिरत होते. कंट्रोलर जिन्याच्या भिंतीवर, पॅनेलची वायर उतरते तिथे सोयीने बसवलेला. बॅटऱ्या मागच्या खोलीत, सात मीटरवर. वायर 4 चौरस मिलिमीटरची. तांब्याची अशी वायर मीटरला साधारण 4.7 मिलिओहम अडथळा करते. जाऊन-येऊन 14 मीटर म्हणजे 66 मिलिओहम, आणि 17 अँपिअरला 1.1 व्होल्ट. उरलेले 0.3 व्होल्ट एका सैल लगमध्ये सापडले. हात लावला तर ती गरम लागत होती.

वायर बारीक आहे म्हणून वीज वाया जाते, एवढेच लोक पाहतात. खरे नुकसान वेगळे आहे. कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, त्याला स्वतःच्या टर्मिनलवरचा दाब दिसतो. तिथे 28.4 झाले की बॅटरी भरत आली असे तो समजतो आणि प्रवाह आवरू लागतो. बॅटरी त्या क्षणी 27.0 वर असते आणि अजून सगळे 17 अँपिअर घ्यायला तयार असते. प्रवाह उतरला की वायरीतली तूटही उतरते, हे खरे; 5 अँपिअरला ती 0.4 व्होल्टच राहते. दिवस अमर्याद मोठा असता तर बारीक वायरीतूनही बॅटरी अखेर भरली असती. पण कंट्रोलरच्या आत घड्याळ आहे. या कंट्रोलरमध्ये ॲब्सॉर्प्शन दोन तासांचे ठरलेले होते. साडेअकराला त्याने ते सुरू केले, दीडला संपवले आणि डोक्यावर लख्ख ऊन असताना हिरवा दिवा लावून पॅनेलची वीज नाकारायला सुरुवात केली.

दुसरा दोष सेटिंगचा. वरच्या मोजमापात 28.4 हा आकडा आला, कारण कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार ‘जेल’ निवडलेला होता. जेल बॅटरीला जास्त दाब सोसत नाही, म्हणून तिची मर्यादा कमी असते. पाण्याच्या ट्यूब्युलर बॅटरीला तो दाब अपुरा पडतो. बटण तीन सेकंद दाबून प्रकार बदलायचा, एवढेच काम होते; संच बसवताना ते राहून गेले. तापमानाचाही असाच एक घोळ इतरत्र आढळतो. गरम बॅटरीला कमी दाब लागतो म्हणून बरेच कंट्रोलर दर अंशाला सेलमागे तीन ते पाच मिलिव्होल्ट उतरवतात. बॅटरीवर लावायचा सेन्सर खोक्यातच राहिला, तर काही कंट्रोलर स्वतःच्या अंगचे तापमान धरतात. तापलेल्या पत्र्याखाली कंट्रोलर 45 अंशांवर आणि थंड फरशीवर बॅटरी 30 वर असेल, तर बारा सेलच्या संचाला 0.9 व्होल्टपर्यंत दाब कमी मिळू शकतो.

सरांनी कंट्रोलर काढून बॅटरीच्या खोलीत, दीड मीटरवर आणला. तिथपासून खांबांपर्यंत 16 चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तूट 0.1 व्होल्टच्याही आत आली. जुनी लांब वायर आता पॅनेलच्या बाजूला गेली. हे मुद्दाम केले. तापलेली पॅनेल सुमारे 33 व्होल्टवर काम करतात आणि बॅटरीला 28.8 हवेत. या बाजूला दोन-अडीच व्होल्ट गेले तरी चालतात, बॅटरीच्या बाजूला अर्धा व्होल्टही परवडत नाही. लांबी टाळता येत नसेल तर ती पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये असावी, हा नियम मिस्त्रींना शिकवलाच पाहिजे. बॅटरीचा प्रकार बदलला, लग नव्याने दाबून बसवली. आठवड्याने ग्रॅव्हिटी 1.215 झाली आणि तिथेच अडली.

तिसरा दोष आता उघडा पडला. पूर्वी दीडलाच चार्जिंग आवरते घेतले जात असल्याने तो लपून राहिला होता. आता कंट्रोलर एकपर्यंत पूर्ण प्रवाह देत होता आणि ॲब्सॉर्प्शनला तीनपर्यंतचे ऊन हवे होते. सव्वादोननंतर मात्र नैऋत्येच्या माडाची सावली पॅनेलवर यायची. संच मे महिन्यात बसवला तेव्हा ही सावली कोणालाच दिसली नव्हती, आणि त्यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. मेमध्ये कोकणात शून्य सावली दिवस येतो. सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर असतो आणि दुपारी माडाची सावली सरळ पूर्वेला पडते. डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीलाही दक्षिणेकडे कललेला, जेमतेम 50 अंशांवर असतो. दुपारी सावली लांब होऊन ईशान्येला सरकते, आणि पॅनेल तिथेच होती.

झावळ्यांची सावली विरळ असते, तिने काय होणार, असे अनेकांना वाटते. 72 सेलच्या पॅनेलचे आत तीन भाग असतात आणि प्रत्येकाला एक बायपास डायोड असतो. एका भागातला एक सेल जरी झाकला गेला, तरी उरलेल्या दोन भागांचा दाब तापलेल्या पॅनेलमध्ये 22 व्होल्टच्या आसपासच राहतो. 28 व्होल्टच्या बॅटरीत तो शिरू शकत नाही. मग अख्खे पॅनेल त्या झाकलेल्या सेलला मिळेल तेवढ्या अंधूक उजेडाचा प्रवाह देते, म्हणजे जवळपास काहीच नाही. एमपीपीटी कंट्रोलर आणि एकामागे एक जोडलेली पॅनेल असती तर नुकसान कमी झाले असते. पण त्यानेही सावलीचे ऊन होत नाही.

माड तोडायचा नव्हता. पॅनेलचा सांगाडा चार मीटर पूर्वेला सरकवला. सावली आता चारच्या सुमारास पोहोचते. मग रात्रीचा वापर दोन दिवस बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून 29.6 व्होल्टवर इक्वलायझेशनचे चार्जिंग दिले, म्हणजे तळाशी बसलेले आम्ल बुडबुड्यांनी ढवळले गेले.

या सगळ्यातून आमची मागणी एकच निघते. शाळा, ग्रामपंचायती, वाचनालये सौर संच ताब्यात घेताना हिरवा दिवा पाहून सही करतात. त्याऐवजी पावतीवर तीन नोंदी असाव्यात : भर प्रवाहात कंट्रोलरवर आणि बॅटरीच्या खांबांवर एकाच वेळी मोजलेला दाब, निवडलेला बॅटरीचा प्रकार, आणि बॅटरी भरली असे ठरवताना असलेला प्रवाह. 150 अँपिअर-तासांच्या संचात, खांबांवर 28.8 व्होल्ट असताना प्रवाह तीन-चार अँपिअरवर उतरला आणि तासाभराच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटी बदलली नाही, तरच बॅटरी भरली असे लिहावे. सावलीसाठी ठेकेदाराला डिसेंबरात एकदा परत बोलावण्याची अट करारात असावी. हायड्रोमीटर काहीशे रुपयांत येतो. तो संचासोबतच द्यावा.

जानेवारीच्या शेवटी वाचनालयातल्या अकरा सेलची ग्रॅव्हिटी 1.235 ते 1.240 झाली. दुसऱ्या बॅटरीतला तिसरा सेल 1.200 च्या वर आला नाही. उपाशी राहिलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि काही मर्यादेपलीकडे ते विरघळत नाहीत. तो सेल एक दिवस सगळ्या संचाला खाली खेचील. तोवर दर शनिवारी सकाळी ग्रंथपालबाई बारा आकडे वहीत लिहितात, आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घातले.