‘सध्या किती मिळतात?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी



२०२३ साली तलाठी भरतीची जाहिरात निघाली, तेव्हा तिच्यात वेतनश्रेणी छापलेली होती : एस-८, २५,५०० ते ८१,१००. अनसिंगच्या उमेदवाराला आणि पुण्याच्या उमेदवाराला तोच आकडा. ‘आधी कुठं होतात, तिथं किती मिळत होते?’ असं कुणी विचारलं नाही, कारण पगार पदाला होता, माणसाच्या मागच्या कमाईला नव्हता. आपल्या दोन पिढ्या याच पद्धतीत नोकरीला लागल्या. त्यामुळं पगाराची बोलणी करायची असतात, हे शिकण्याची वेळच आपल्या घरांवर आली नाही.

आता वाशिम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या गावातून पोरं-पोरी ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात. चाकणला, हिंजवडीला, खराडीला लागतात. वर्ष-दीड वर्षानं दुसरी नोकरी शोधतात आणि एक दिवस फोन येतो. समोरचा किंवा समोरची नाव, शिक्षण विचारून झालं की तीन प्रश्न विचारते : नोटीस पिरियड किती? सध्याचा सीटीसी किती? अपेक्षा किती? पाच मिनिटांत फोन संपतो. आमचं म्हणणं असं आहे की नव्या पगाराचा मोठा भाग या पाच मिनिटांतच ठरून जातो, आणि तिन्हींपैकी मधला प्रश्न सर्वांत महाग पडतो.

आधी फोनच्या पलीकडचा माणूस समजून घ्या. तो कन्सल्टन्सीचा असेल तर माणूस लागल्यावर कंपनी त्याला कमिशन देते. ते बहुतेक वेळा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढं असतं. म्हणून तुमचा पगार पाडण्यात त्याला फारसा रस नसतो. रस असतो तो बजेटमध्ये बसणारा आणि लवकर रुजू होणारा माणूस पटकन पुढं पाठवण्यात. कंपनीचाच एचआर असेल तर बजेट सांभाळणं हे त्याचं काम असतं. दोघांच्याही समोर एक तक्ता उघडा असतो आणि तुमचं उत्तर त्यातल्या एका चौकटीत आकडा म्हणून जातं. पुढच्या फेरीतले लोक तुमचं स्पष्टीकरण ऐकत नाहीत, तो आकडा वाचतात.

आता एक हिशेब करू. समजा, आपला एक मुलगा पुण्यात तांत्रिक साहाय्याच्या कामावर आहे. पगारपत्रकावर महिन्याचा एकूण पगार २५,०००, त्यातला बेसिक १५,०००. त्यातून त्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाऊन बँकेत २३,००० जमा होतात. फोनवर विचारलं, ‘सध्या किती?’ तो घरी सांगतो तसंच सांगतो, ‘तेवीस हजार.’ तक्त्यात वर्षाचे २ लाख ७६ हजार लागतात. पुढं कंपनी ‘तीस टक्के हाईक’ देते. मुलगा खूश. पण २ लाख ७६ हजारांवर तीस टक्के म्हणजे ३ लाख ५८ हजार ८००, आणि ऑफर लेटरवर हा आकडा सीटीसी म्हणून छापून येतो.

त्याचा जुना सीटीसी किती होता? पगाराचे वर्षाला ३ लाख. कंपनी आपल्या बाजूनं भरते तो पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद, बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी, साधारण ८,६६०. आणि कामगिरीवर मिळणारा बोनस ३०,०००. बेरीज ३ लाख ६० हजारांच्या थोडी वर. म्हणजे तीस टक्के वाढ घेऊन मुलगा होता त्याच्याही खाली गेला. कुणी फसवलं नाही. त्यानं हातात येणारा पगार सांगितला आणि समोरच्यानं तो सीटीसी समजून लिहिला, एवढंच झालं.

म्हणून पहिलं काम फोन येण्याआधीचं आहे. नेमणूकपत्र आणि शेवटच्या तीन पगारपत्रकांवरून चार आकडे एका कागदावर लिहून ठेवा : फिक्स्ड पगार वर्षाचा, व्हेरिएबल किंवा बोनस वर्षाचा, सगळं मिळून सीटीसी, आणि हातात येणारा. नोकरीच्या संकेतस्थळावरच्या प्रोफाइलमध्येही सध्याच्या पगाराची चौकट असते आणि भरती करणारा फोन लावण्याआधी ती पाहतो. दोन वर्षांपूर्वीचा आकडा तिथं तसाच पडलेला असेल, तर तुम्ही फोनवर काहीही बोला, त्याच्यासाठी खरा तोच.

दुसरी गोष्ट मुळाशी जाते. हिशेब बरोबर सांगितला तरी सध्याच्या पगारावर टक्के लावून नवा पगार ठरवणं न्याय्य आहे का? एकाच कामाला दोघं निवडले गेले. एकाचा आधीचा पगार ३ लाख ६० हजार, दुसऱ्याचा ६ लाख. दोघांना तीस टक्के वाढ दिली तर एक ४ लाख ६८ हजारांवर जातो, दुसरा ७ लाख ८० हजारांवर. काम तेच, पण आधी २ लाख ४० हजारांचं असलेलं अंतर आता ३ लाख १२ हजारांचं झालं. वाढ ‘सारखी’ दिली म्हणून दरी रुंदावली. आणि पहिला इतका खाली का होता? त्याच्या कॉलेजात कॅम्पस मुलाखती झाल्या नसतील, ओळखीचं कुणी कंपनीत नसेल, खोलीचं भाडं थकलेलं असताना मिळेल ती पहिली नोकरी त्यानं धरली असेल. यात त्याची लायकी कुठं मोजली गेली? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिक्षण सारखंच असलेल्या अर्जांवर दलित आडनाव असलं की मुलाखतीचं बोलावणं कमी येतं, असं दिसून आलं होतं. ज्याला बोलावणीच कमी, तो पहिल्या नोकरीत भाव कसला करणार? ‘सध्या किती मिळतात?’ हा प्रश्न ती जुनी अडचण पुढच्या नोकरीत उचलून नेतो.

हे फक्त आपल्याकडंच घडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात आयलीन रिझो या गणिताच्या सल्लागार म्हणून लागल्या. कार्यालयाची रीत अशी होती, की आधीच्या पगारावर पाच टक्के चढवायचे आणि श्रेणीत बसवायचं. २०१२ मध्ये त्यांना कळलं, की त्याच कामावर नव्यानं आलेल्या पुरुष सहकाऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त पगार आहे. त्या कोर्टात गेल्या. स्त्री-पुरुषांच्या वेतनातल्या फरकाचं समर्थन आधीच्या पगाराकडं बोट दाखवून करता येणार नाही, असं तिथल्या नवव्या सर्किट अपील न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच कायद्यानं बंदी आहे, आणि उमेदवारानं मागितली तर पदाची वेतनश्रेणी सांगावी लागते. आपल्याकडं अशी बंदी नाही. म्हणून कायदा जे करत नाही, ते फोनवर आपल्याला आपल्या तोंडानं करावं लागतं.

कसं? पगाराचा प्रश्न आला की आधी पदाचं बजेट विचारा. ‘या पदासाठी कंपनीनं काय बजेट ठेवलंय? त्यात बसत असेल तर पुढं बोलू, तुमचाही वेळ वाचेल.’ हे उद्धट नाही, पुण्यातली अनुभवी मुलं रोज विचारतात. अनेकदा आकडा मिळतो. नाही मिळाला आणि ‘आधी तुमचा सांगा’ असा आग्रह झाला तर एकदा म्हणा, ‘इथलं काम वेगळं आहे, म्हणून मी या कामाच्या बाजारभावावर बोलू इच्छितो.’ तरीही तो अडला, चौकट रिकामी ठेवता येत नाही म्हणाला, तर ताणू नका. पूर्ण आणि खरा आकडा द्या : ‘फिक्स्ड तीन लाख तीस हजार, बोनस तीस हजार, एकूण तीन साठ. माझी अपेक्षा यावर टक्के लावून नाही, कामावर आहे.’

खोटा आकडा मात्र कधीही नको. ऑफरच्या आधी पगारपत्रकं आणि बहुतेक वेळा बँकेचं स्टेटमेंट मागतात. पीएफच्या यूएएनवर कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात, याची नोंद असते. पडताळणीत फरक निघाला तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. आकडा न सांगणं हा तुमचा अधिकार आहे. चुकीचा सांगणं हा मात्र समोरच्याच्या हातात दिलेला पुरावा आहे.

अपेक्षेचा आकडा गरजेवरून किंवा धाडसावरून ठरवू नका. तेच काम तेवढ्याच अनुभवावर करणाऱ्या किमान तिघांना विचारा, त्यातला एक तरी आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा हवा. आपण सगळे कमी पगारावर लागलेलो असू, तर एकमेकांना विचारून कमीच आकडा मिळणार. समजा चौकशीत पाच लाखांच्या आसपास निघालं, तर म्हणा, ‘फिक्स्ड पाच ते साडेपाच लाख.’ ‘फिक्स्ड’ हा शब्द विसरू नका, नाहीतर त्यातच बोनस आणि पीएफ मिसळून आकडा जुळवून दिला जाईल. दोन आकडे सांगितले की समोरचा खालचाच लिहितो. म्हणून खालचा आकडा असा हवा, की तोच मिळाला तरी तुम्ही आनंदानं जाल. आणि ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर बंद करा. त्याचा अर्थ नम्रता असा घेतला जात नाही, बजेटचं खालचं टोक असा घेतला जातो.

राहिला नोटीस पिरियड. इथं आपली पोरं घाबरून ‘लगेच येतो’ म्हणतात, आणि नेमणूकपत्रात साठ दिवस लिहिलेले असतात. मग एक दिवस न सांगता जुनी नोकरी सोडतात. कार्यमुक्तीचं पत्र मिळत नाही आणि नवी कंपनी पहिल्याच आठवड्यात तेच मागते. नेमणूकपत्रातलं कलम वाचा. नोटिशीच्या बदल्यात पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते पैसे बेसिकवर की एकूण पगारावर, शिल्लक रजा त्यात धरतात का, हे पाहा. वरच्या मुलाला साठऐवजी पंचेचाळीस दिवसांत निघायचं असेल आणि कलम एकूण पगाराचं असेल, तर पंधरा दिवसांचे १२,५०० भरावे लागतील. फोनवर उत्तर असं : ‘साठ दिवस आहे. पत्रात पैसे भरून सुटण्याची सोय आहे. तुमची कंपनी ती रक्कम देत असेल तर पंचेचाळीस दिवसांत येऊ शकतो.’ ते देतो म्हणाले तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, आणि वर्षाच्या आत सोडल्यास ती रक्कम परत द्यायची अट आहे का, तेही वाचा. लेखी ऑफर हातात पडल्याशिवाय राजीनामा नाही. एकदा नोकरी सोडून बसलात की तिन्ही प्रश्नांतलं तुमचं वजन निम्मं होतं.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. पहिल्या नोकरीत, कंत्राटदाराकडच्या कामात किंवा हात रिकामा असताना बोलणीला जागा फार थोडी असते. तिथं हाती येईल ते काम घ्यावं लागतं आणि ते घेण्यात कमीपणा नाही. अ‍ॅप्रेंटिस असाल तर एवढं करा, की मिळतो त्याला स्टायपेंडच म्हणा. तो ‘सध्याचा पगार’ म्हणून सांगितलात, तर प्रशिक्षणाचा भत्ता तुमच्या कामाचा भाव होऊन बसेल.

आणि एक काम विहारातल्या अभ्यासिकेत सुरू करता येईल. तिथं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत, तशी एक वही ठेवा : नावं नकोत, फक्त काम, शहर, अनुभवाची वर्षं, फिक्स्ड पगार आणि नोटिशीचे दिवस. गावातून बाहेर गेलेल्या प्रत्येकानं त्यात एक ओळ भरावी. पगार सांगायला आपण लाजतो आणि त्या लाजेचा फायदा दुसऱ्याला होतो. सरकारी जाहिरातीत छापलेली असायची ती वेतनश्रेणी खासगी कंपनी छापत नसेल, तर ती आपणच लिहून काढू.

जयभीम.