फी नाही म्हणजे जाहिरात खोटी?

तर झालं असं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही कॉम्प्युटरवर चढवायची आहे. सुमारे २२ हजार पुस्तकांच्या नोंदी. वहीच्या पानांचे फोटो काढून झालेत, आता टाइप करणारी माणसं हवीत. काम घरून करता येईल, म्हणून मागच्या महिन्यात कार्यकारिणीच्या वतीने मीच जाहिरात लिहिली आणि ओळखीच्या ग्रुपवर टाकली. ती अशी होती:

काम: दाखल नोंदवहीच्या पानाचा फोटो बघून ९ रकाने एक्सेलमध्ये भरणे (दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, विक्रेता).
टायपिंग: मराठी, युनिकोडमध्येच.
चाचणी: अर्धा तास. १० मिनिटे छापील मजकूर, २० मिनिटे वहीचे एक पान.
मोबदला: तासाला ११० रुपये. रोज ४ तास, साधारण दोन महिने. दर शनिवारी बँक खात्यात.
शिकवण्याचे पहिले दोन तासही पगारी.
अर्जाची, नोंदणीची, कसलीही फी नाही.

यात मला काहीच विशेष वाटलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी आलेले प्रश्न ऐका. "रजिस्ट्रेशन किती?" "फी नाही तर मग फेक आहे का?" "आयडी अ‍ॅक्टिव्ह करायला किती भरायचे?" एका भल्या गृहस्थांनी तर खाली लिहूनच टाकलं, सावध रहा, फी घेत नाहीत म्हणजे नंतर मोठी मागणार.

म्हणजे आपल्याकडे आता काम मागणाऱ्याने पैसे भरायचे, हीच रीत झाली आहे. न घेणारा संशयित!

आणि हा रोग फक्त बाहेर नाही. आमच्याच बैठकीत दोन सूचना आल्या होत्या. पहिली, "शंभर रुपये फॉर्म फी ठेवा, म्हणजे टाइमपास करणारे येणार नाहीत." दुसरी, "तासाचे कसले पैसे? घरी बसून काय करतात कोण बघतंय? नोंदीमागे एक रुपया द्या." सूचना करणारी माणसं सज्जन आहेत, वाचनालयासाठी पदरमोड करणारी आहेत. म्हणूनच सांगतो, या दोन्ही सूचना चुकीच्या का आहेत.

आधी फी. काम देणाऱ्याला भीती असते की भलतेच लोक येतील. रास्त आहे. पण शंभर रुपये भरल्याने कुणाला टायपिंग येतं का? चाचणीने ते अर्ध्या तासात कळतं. आमच्याकडे ६० च्या वर लोकांनी विचारणा केली. चाचणी आहे म्हटल्यावर १७ आले. टाइमपासवाले आपोआप गळाले, कुणाच्या खिशातून रुपया न घेता.

त्या १७ मध्येही गंमत अशी की सर्टिफिकेट असलेले तिघे अडकले, कारण त्यांचा हात जुन्या फॉन्टवर बसलेला. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि लेखकाच्या नावाने शोधलं तर काही सापडत नाही. हे फी भरून कळलं असतं का?

चाचणीतही लबाडी करता येते, तेही सांगतो. "टेस्ट" म्हणून प्रत्येकाला वेगळं पान द्यायचं आणि फुकटात काम उरकून घ्यायचं. आम्ही सगळ्यांना एकच पान दिलं, आणि तेही आमच्याकडे आधीच टाइप झालेलं. अर्जदाराने हे विचारावं. चाचणीचं पान सगळ्यांना सारखंच आहे का?

आता तासाचा हिशेब. टायपिंगचं माप 'कळा' हे आहे, म्हणजे किती वेळा बटण दाबलं. सरकारी परीक्षांत ३० शब्दांचा वेग म्हणजे तासाला ९ हजार कळा धरतात. शब्दाला सरासरी पाच कळा. पण तो छापील मजकुराचा वेग झाला. आमची वही हस्ताक्षरातली. शाई उडालेली, लेखकाचं आडनाव अर्धवट. वरून मराठी जोडाक्षर, 'क्ष' लिहायला इनस्क्रिप्टवर सरळ टाइप केलं तर तीन कळा. म्हणून आम्ही तासाला ६ हजारच धरल्या. एका नोंदीला सरासरी १२० कळा, म्हणजे तासाला ५० नोंदी. २२ हजार नोंदींना ४४० तास. दोन माणसं, रोज चार तास, ५५ दिवस. खर्च ४८,४०० रुपये.

नोंदीमागे रुपया दिला असता तर? चांगल्या पानावर तासाला ५० रुपये. जुन्या पानावर, जिथे एकेक अक्षर भिंग लावल्यासारखं बघावं लागतं, तिथे तासाला १५-२० नोंदी होतात. म्हणजे १५-२० रुपये! आमच्या वहीची शाई उडाली हा टाइप करणाऱ्या बाईचा दोष आहे का? तासाने पैसे दिले की वाईट पानाचा भुर्दंड ज्याची वही आहे त्याच्यावर पडतो. नोंदीने दिले की तो काम करणाऱ्यावर पडतो. आणि मग तो शहाणा असेल तर अवघड अक्षर दिसेल तिथे ठोकून देईल. नुकसान पुन्हा वाचनालयाचंच.

नगावर पैसे देणारे सगळेच चोर असतात असं मी म्हणत नाही. विडी वळण्यापासून शिलाईपर्यंत ती पद्धत आहे आणि कायद्यालाही मान्य आहे. पण तिथेही एकच प्रश्न विचारायचा. साध्या हाताच्या माणसाला तासाला किती पडतात?

"घरी बसून काय करतात कोण बघतंय" याचं उत्तरही सोपं आहे. सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, पान क्रमांक असा रोजचा तक्ता ठेवायचा. तासाला ५० च्या जागी ३० नोंदी दिसल्या तर ते पान उघडून बघायचं. आतापर्यंत जेव्हा जेव्हा बघितलं, पानच वाईट निघालं. शिवाय शंभरातल्या पाच नोंदी दुसऱ्याने तपासायच्या. चूक सापडली तर ती दुरुस्त होते, पैसे कापले जात नाहीत.

हे इतकं का सांगतोय? कारण निवडलेल्या दोघींपैकी एकीने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, अ‍ॅग्रीमेंटवर सही कुठे करायची?" चेहरा उतरलेला. मग हळूहळू कळलं.

गेल्या वर्षी तिने असंच 'घरबसल्या डेटा एंट्री' घेतलं होतं. पाच दिवसांत ५०० फॉर्म, फॉर्मला ३५ रुपये, एकूण १७,५००. अट, ९० टक्के अचूकता. सुरुवातीला फी नाही! फक्त आधार कार्ड आणि मोबाइलवर एक सही. तिने रात्री जागून ५०० फॉर्म भरले. सहाव्या दिवशी 'क्यूसी रिपोर्ट' आला, तुम्ही नापास. आता करारानुसार ५,८०० रुपये भरा, नाहीतर कोर्ट केस. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या नावाची नोटीस, वर अशोकस्तंभ, खाली पैसे भरायला क्यूआर कोड. तिने घरात कुणाला न सांगता अडीच हजार भरले.

आता यातली मेख बघा. एका फॉर्मला साधारण ४०० कळा. दर २०० कळांमागे एकच चूक करणारा माणूस ९९.५ टक्के अचूक झाला. पण त्याच्या प्रत्येक फॉर्ममध्ये सरासरी दोन चुका येणार. आणि यांचा नियम असा की एक चूक झाली की पूर्ण फॉर्म बाद. मग शंभरातले जेमतेम १३-१४ फॉर्म पास होतात. ९० टक्के फॉर्म पास व्हायचे तर सुमारे ३,८०० कळांमागे एकच चूक चालते, म्हणजे नऊ-साडेनऊ फॉर्म सलग बिनचूक. त्यात फोटो मुद्दाम धूसर, एक आणि इंग्रजी एल सारखेच दिसणारे. नापास होणं ठरलेलंच होतं. तिचं टायपिंग चांगलंच आहे, आमच्या चाचणीत ती दुसरी आली.

आणि लोक काय म्हणतात? "हाव नडली." अहो, रात्री जागून ५०० फॉर्म भरणारीला हावरट म्हणताना जीभ कशी रेटते? ती काम मागत होती. हाव ज्याला होती तो क्यूआर कोड पाठवून बसला होता.

पण तासाचा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता, हे मात्र खरं. ५०० फॉर्म म्हणजे दोन लाख कळा. तासाला ८ हजारांनी २५ तास. १७,५०० भागिले २५, तासाला ७०० रुपये! साध्या टायपिंगला तासाला ७०० कोण देतं? जाहिरातीत तासाचा दर लिहीत नाहीत तो यासाठीच. दर लिहिला की खोटं उघडं पडतं.

नोटिशीचंही ऐकून ठेवा. करारातलं काम जमलं नाही हा दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. वकिलाची नोटीस हा कोर्टाचा आदेश नसतो. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप द्यावा लागत नाही, त्यासाठी कोर्टात दावा करावा लागतो, आणि कोर्टही वाजवी असेल तेवढीच भरपाई देतं. या टोळ्या कोर्टाची पायरी चढत नाहीत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि घरात सांगा. गप्प बसण्यावरच यांचा धंदा चालतो.

आता ग्रुप चालवणाऱ्यांना आणि छोट्या जाहिराती छापणाऱ्यांना माझं थेट सांगणं आहे. "जाहिरातीची खातरजमा वाचकांनी करावी" अशी बारीक ओळ खाली टाकून हात झटकू नका. जाहिरात घेतानाच चार गोष्टी विचारा. काम नेमकं काय? चाचणी कसली? तासाला किती? अर्जदाराकडून आज किंवा उद्या, फी, डिपॉझिट, दंड, कुठल्याही नावाने पैसे घेणार का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर जाहिरात टाकू नका. अर्ध्या पानाचं काम आहे, आम्ही केलं, तुम्हालाही जमेल.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर? सही रोजच्या तासांच्या तक्त्यावर करायची. एक तिची, एक माझी. गेल्या शनिवारी २४ तासांचे २,६४० रुपये तिच्या खात्यात जमा झाले. तिने फोन करून विचारलं, "काका, यातून काही कापायचं नाही ना?"

नाही. काही कापायचं नाही.