गोड्या मसाल्यातील गहू

परदेशस्थ मराठी कुटुंबांना गोडा मसाला, मेतकूट व चिवडा पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचे लक्ष सहसा मालाच्या चवीवर आणि वाहतूक-भाड्यावर असते. अमेरिकेत मात्र खाद्यपदार्थ बाजारातून परत मागविले जाण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे लेबलावर नोंद नसलेला ॲलर्जीकारक घटक होय.

समजा, सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने न्यू जर्सीतील ग्राहकांसाठी गोड्या मसाल्याची २५० ग्रॅमची वीस पाकिटे भरली. लेबलावर धने, सुके खोबरे, तीळ, दगडफूल, हिंग अशी यादी छापली. यादी खरी आहे, पण अपुरी आहे. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे मूळ हिंगात डिंक व पीठ मिसळून केलेला पदार्थ. हे पीठ बहुधा गव्हाचे असते. अमेरिकी कायद्यानुसार गहू, दूध, शेंगदाणे यांसह नऊ घटकांचा उल्लेख अनिवार्य आहे. तिळाची त्यात भर १ जानेवारी २०२३ पासून पडली. म्हणून ‘हिंग’ या शब्दापुढे त्याचे घटक कंसात द्यावे लागतात आणि यादीखाली ‘यात गहू व तीळ आहेत’ असे इंग्रजीत लिहिणे हिताचे ठरते. घटकांचा क्रम वजनानुसार उतरता हवा. निव्वळ वजन ग्रॅमसोबत औंसातही, म्हणजे येथे ८.८ औंस, असे छापावे.

दुसरी गफलत पार्सलवर ‘भेट’ लिहिण्याची. एखाद्या गृहिणीने स्वतःच्या घरी केलेला चिवडा मुलीला भेट म्हणून पाठविला, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना देण्यापासून सूट मिळते. विकलेल्या मालाला ती सूट नाही. दुकानातून विकत घेऊन भेट पाठविलेल्या मालालाही नाही. टपालाने पाठवायचे असल्यास पूर्वसूचना पार्सल रवाना होण्यापूर्वी द्यावी लागते आणि तिचा पुष्टी-क्रमांक पार्सलसोबत ठेवावा लागतो. शिवाय माल तयार करणाऱ्या कारखान्याची त्या प्रशासनाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीस शुल्क नाही, परंतु अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो आणि प्रत्येक सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात नूतनीकरण करावे लागते.

किंमत कमी दाखवून जकात टाळण्याचा मोहही महागात पडतो. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली. त्यामुळे लहान पार्सलचेही खरे मूल्य आणि बिल तपासले जाते, असे गृहीत धरूनच भाव ठरवावा.

सर्वांत सोपी दक्षता दुकानातच घेता येते. हिंगाच्या डबीची मागील बाजू वाचावी. गव्हाऐवजी तांदळाचे पीठ असलेला हिंगही मिळतो. पण पुरवठादार बदलला की नवी डबी पुन्हा वाचावी आणि पीठ बदललेले दिसले, तर जुनी लेबले वापरणे तत्काळ थांबवावे.